चपाती सोडून भाकरी धरली, तरी शुगर का चढली?

पत्र: माझं वय ५१. दोन वर्षं झाली शुगर आहे. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ ची गोळी चालू आहे. गहू वाईट, जोंधळा चांगला असं सगळे म्हणतात म्हणून तीन महिन्यांपूर्वी चपाती पूर्ण सोडली. आधी दुपारी तीन चपात्या खात होते, आता दोन भाकऱ्या आणि शेवटी वाटीभर भात. तरी जेवणानंतरची शुगर १९० च्या आसपास होती ती २३० वर गेली. उपाशीपोटीची १३८ होती, आता १४६. घरात बाकी सगळ्यांना चपातीच लागते. मी नेमकं काय खाऊ? — एक भगिनी, चिक्कोडी तालुका

उत्तर:

ताई, भाकरी खायला काही हरकत नाही, पण तुमच्या ताटात पीठ वाढलंय. तीनाच्या दोन झाल्या म्हणजे कमी झाल्या असं वाटतं, पण चपाती आणि भाकरी ही नगावर मोजायची जिन्नसंच नव्हेत. आपल्याकडे घडीची चपाती साधारण ३० ग्रॅम पिठाची होते. भाकरीला मात्र चिक्कोडी-अथणीकडच्या हातानं ७० ते ९० ग्रॅम पीठ लागतं. थापताना खाली घेतलेलं पीठसुद्धा शेवटी भाकरीलाच चिकटून पोटात जातं.

आता हिशोब मांडून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम गव्हाच्या आट्यात सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदकं आहेत आणि १०० ग्रॅम जोंधळ्यात सुमारे ६८. कर्बोदकं म्हणजे पिठातला तो भाग, ज्याची पोटात गेल्यावर साखर होते. तीन चपात्यांचं पीठ ९० ग्रॅम, म्हणजे ५८ ग्रॅम कर्बोदकं. दोन भाकऱ्या ८० ग्रॅमच्या धरल्या तर पीठ १६० ग्रॅम आणि कर्बोदकं १०९ ग्रॅम. जवळजवळ दुप्पट. वर वाटीभर भात, म्हणजे शिजलेला १५० ग्रॅम धरला तर आणखी ४० ग्रॅम. आधीही तुम्ही भात खात असाल तर तो दोन्हीकडे सारखाच, पण पिठातली वाढ एवढी मोठी आहे की जेवणानंतरची शुगर ४० नं चढली यात नवल नाही.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते आणि ती पुष्कळांना पटत नाही. चोथा, म्हणजे ज्याला डॉक्टर फायबर म्हणतात, तो दोन्हीत जवळपास सारखाच असतो. गव्हाच्या आट्यात ११ ग्रॅम, जोंधळ्यात १० ग्रॅम. ‘भाकरीत फायबर जास्त’ हे खरं कधी ठरतं? गिरणीतून आणलेलं गव्हाचं पीठ घरी बारीक चाळणीनं चाळून कोंडा टाकून दिला, किंवा चपाती मऊ व्हावी म्हणून त्यात मैदा घातला, तर. मग गव्हाचा चोथा बराच कमी होतो आणि भाकरी पुढे जाते. म्हणून चपात्या करणार असाल तर पीठ चाळायचंच झालं तर मोठ्या भोकाच्या चाळणीनं, खडे-काड्या निघण्यापुरतं चाळा आणि वर राहिलेला कोंडा परत पिठात टाका.

मग जोंधळ्याचं काहीच विशेष नाही का? थोडं आहे. जोंधळ्यातली प्रथिनं शिजल्यावर घट्ट होतात आणि पिठूळ कणांना धरून बसतात, त्यामुळे ते कण पोटात जरा सावकाश फुटतात. तेवढ्या पिठाच्या चपातीपेक्षा भाकरीनं शुगर थोडी कमी चढते असा पुष्कळांचा अनुभव असतो. पण दोन अटी आहेत. पीठ तेवढंच हवं, आणि फरक माफकच असतो. दुप्पट पीठ खाऊन तो फायदा उरत नाही. गव्हाचं पीठ चिकट धरून ठेवणारं जे प्रथिन, ग्लूटेन, त्याचाही इथे काही संबंध नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा सिलिॲक, म्हणजे ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार, नसेल तर शुगरसाठी ग्लूटेन टाळायची गरज नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमच्या घरची भाकरी किती ग्रॅमची ते कळायला हवं. वजनकाटा नसला तरी चालेल. दुकानातून जोंधळा बरोबर एक किलो मोजून आणा, दळून घ्या, आणि त्या पिठात एकूण किती भाकऱ्या होतात ते मोजा. थापायला घेतलेलं पीठही त्यातलंच वापरा. तेरा झाल्या तर एक भाकरी ७७ ग्रॅमची, अठरा झाल्या तर ५६ ची. हजाराला संख्येनं भागायचं, एवढंच. चपात्यांचंही तसंच करा. किलोभर आट्यात तीसएक चपात्या होत असतील तर एक ३३ ग्रॅमची. दळणात थोडं पीठ जात्याला राहतं, त्यानं हिशोबात फार फरक पडत नाही.

तुमच्यासाठी दुपारच्या जेवणात मी ६० ते ६५ ग्रॅम पीठ धरते. म्हणजे ६० ग्रॅमची एक भाकरी, किंवा ३० ग्रॅमच्या दोन चपात्या. दोन्हीतली कर्बोदकं चाळीसच्या आसपास येतात. शेतात राबणाऱ्या माणसाला हे थोडं वाटेल, घरात बसून शिवणकाम करणाऱ्याला पुरेल, म्हणून हा आकडा तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवून पक्का करा. भात हवाच असेल तर अर्धी वाटी घ्या आणि त्या बदल्यात पिठातले ३० ग्रॅम वजा करा. म्हणजे अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी भात, किंवा एक चपाती आणि अर्धी वाटी भात. खानापूरकडच्या लोकांना भाताशिवाय जेवण झालंसं वाटत नाही. तुमच्या बाजूला तसं नसेल तर दुपारचा भात सोडणं हीच सगळ्यात सोपी कपात आहे.

पीठ निम्म्याहून कमी झालं की ताट रिकामं दिसतं आणि चार दिवसांनी माणूस परत दुसऱ्या भाकरीकडे वळतो. ती जागा आधीच भरून टाका. मटकी किंवा हुलग्याची उसळ मोठी वाटीभर, म्हणजे कोरड्या तीसएक ग्रॅम कडधान्याची, त्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत आंबाडी, मेथी किंवा शेपूची भाजी आणि कच्चा कांदा-काकडी-मुळा. खाताना भाजी आणि अर्धी उसळ आधी, भाकरी नंतर, या क्रमानं गेलात तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. झुणका-पिठलं चालेल, पण बेसनातही कर्बोदकं आहेत, म्हणून उसळ आणि पिठलं एकाच जेवणात नको. कारळ्याची किंवा शेंगदाण्याची चटणी दोन चमचे पुरे. कुणी मूत्रपिंडाचा त्रास सांगितला असेल तर मात्र डाळी-उसळींचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता भाकरीची खरी अडचण सांगते. ६० ग्रॅमची भाकरी पातळ आणि लहान थापायची म्हटलं की ती काठाला चिरते. चिरली की बायका पीठ वाढवून जाड करतात, आणि आपण परत ८० ग्रॅमवर येतो. चिरण्याची कारणं दोन. पीठ जुनं असलं की त्याची विरी जाते, मग ते हातात धरून राहत नाही. जोंधळ्यात चिकटून धरणारं ग्लूटेन नसतं, त्यामुळे सगळी भिस्त ताज्या पिठावर आणि मळण्यावर. एका वेळी आठ-दहा दिवसांचंच दळून आणा. दुसरं कारण थंड पाणी. ६० ग्रॅम पिठाला साधारण ५० ते ५५ मिली पाणी लागतं. ते चांगलं कढत घ्या, आधी निम्मं पीठ कालवून दोन मिनिटं झाका, मग उरलेलं पीठ घालून तळहाताच्या टाचेनं चार-पाच मिनिटं रगडा. गोळा दाबल्यावर काठ फाटला नाही की थापायला घ्या. परातीत थापताना कड बोटांनी आत ओढत राहायची. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकायला लागताच उलटा, उशीर झाला की वरची बाजू तडकते आणि भाकरी फुगत नाही.

चिरते म्हणून जोंधळ्याच्या पिठात तांदळाचं पीठ मिसळू नका. भाकरी मऊ आणि पांढरी होते खरी, पण तांदळाचं पीठ पटकन साखर होणारं आहे, त्यानं तुमची मेहनत वाया जाते. बाजारातल्या ‘मल्टीग्रेन’ आट्याच्या पिशवीवर घटकांची यादी वाचा. बहुतेक वेळा पहिलं नाव गव्हाचं असतं आणि जोंधळा-नाचणी चिमूटभर. वाईट नाही, पण जास्त पैसे देऊन चपातीच खाताय एवढं माहीत असू द्या.

घरात सगळे चपाती खात असतील तर रोज तुमच्यासाठी वेगळा तवा चढवायलाच हवा असं नाही. आपल्याकडच्या घडीच्या चपातीला पदरात आणि वर मिळून चमचाभर तेल लागतं. ते शुगर फारशी चढवत नाही, पण एका चमच्यात चाळीस कॅलरी असतात आणि दिवसाला सहा चपात्या झाल्या की वजन वाढतं. तुमच्या वाटणीच्या दोन चपात्या बिनतेलाच्या, फुलक्यासारख्या भाजून घ्या. बाकीच्यांच्या राहू द्या.

आता तुम्हाला चपाती बरी की भाकरी, हे शेजारच्यांनी नव्हे, तुमच्या रक्तानंच सांगायला हवं. ग्लुकोमीटर असेल तर सहा दिवस आणि बारा पट्ट्या लागतील. एक दिवस ६० ग्रॅमची भाकरी, दुसऱ्या दिवशी ३० ग्रॅमच्या दोन बिनतेलाच्या चपात्या, असं आलटून पालटून तीन-तीन दिवस. बाकी सगळं तसंच राहिलं पाहिजे. तीच उसळ तेवढीच, तीच भाजी, भात नाही, जेवायची वेळ तीच, गोळ्या त्याच, जेवणानंतर चालायची सवय असेल तर तेवढंच चालणं. जेवायच्या आधी एकदा तपासा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी परत. जेवण संपल्यापासून नव्हे. तपासण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा, बोटाला गुळाचा किंवा केळ्याचा अंश राहिला तरी आकडा भलताच येतो.

वहीत दोन्ही आकडे लिहा आणि फरक काढा. समजा भाकरीच्या तीन दिवसांत शुगर ५४, ६० आणि ५७ नं चढली आणि चपातीच्या तीन दिवसांत ६२, ७१ आणि ६६ नं. सरासरी ५७ आणि ६६. नऊचा फरक दिसतो, पण घरच्या मशिनीचा आकडाच शेकड्याला पंधरा इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून याला फरक म्हणायचं नाही. मग जे आवडतं आणि जे घरात सहज होतं ते खा. भाकरीनं ३५ नं आणि चपातीनं ७० नं चढली, आणि तिन्ही दिवस तसंच झालं, तर मात्र भाकरी तुमची. उलटंही होऊ शकतं, त्यात लाज वाटून घेऊ नका. एका दिवसाच्या आकड्यावर काहीच ठरवू नका. आदल्या रात्री झोप झाली नसेल, सर्दी-ताप असेल, तर तो दिवस सोडून द्या. जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत यावा हे साधारण उद्दिष्ट आहे.

उपाशीपोटीचे १३८ चे १४६ झाले त्यावर भाकरीचा निकाल लावू नका. आठ अंकांचा फरक मशिनीच्या चुकीतही बसतो. शिवाय सकाळची शुगर मुख्यतः रात्री यकृतातून सुटणाऱ्या साखरेवर अवलंबून असते. दुपारच्या भाकरीपेक्षा रात्रीचं उशिराचं जेवण, वाढलेलं वजन आणि गोळीची मात्रा यांचा तिच्यावर जास्त हात असतो. रात्री नऊला दोन भाकऱ्या खाऊन लगेच आडवं व्हायची सवय असेल तर रात्रीचं पीठही ६० ग्रॅमवर आणा आणि आठच्या आत जेवा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी हीच खरी कसोटी. तुम्ही पीठ कमी करून तीन महिने झाले की ती करून घ्या. अंगात रक्त कमी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्यानं या चाचणीचा आकडा चुकतो.

एक धोका मात्र नीट ऐका. तुमच्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकट्यानं शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेते. ती गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, तुम्ही किती जेवलात हे ती बघत नाही. दुपारचं पीठ १६० वरून ६० ग्रॅमवर आणि भातही बंद, असं एकदम केलंत तर दुपारी चार-पाचच्या सुमाराला हात थरथरणं, दरदरून घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड असं होऊ शकतं. सुगीच्या दिवसांत रानात काम असताना तर नक्कीच सांभाळा. म्हणून पीठ कमी करण्याआधी डॉक्टरांना फोन करून ‘मी जेवणातलं पीठ निम्म्याहून कमी करतेय, ग्लिमेपिराइड तेवढीच ठेवू का?’ एवढं विचारा. स्वतःच्या मनानं गोळी सोडू नका. आणि कपातही पायरीनं करा. पहिला आठवडा भात बंद, दुसऱ्या आठवड्यात दीड भाकरी, तिसऱ्यात एक. वरची सहा दिवसांची तपासणी त्यानंतर.

त्रास झाला आणि शुगर ७० च्या खाली दिसली, किंवा मशीन हाताशी नसेल पण लक्षणं तीच असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या. भाकरीचा तुकडा खाऊन भागत नाही, तो पचायला वेळ घेतो. पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत तीन चमचे. बरं वाटल्यावर थोडं काही खा आणि त्या दिवशीच डॉक्टरांना कळवा. रानात जाताना कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी असू द्या. बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका म्हणून घरच्यांनाही सांगून ठेवा, थेट दवाखान्यात न्यावं.

शेवटी कडक भाकरीबद्दल, कारण तुमच्या बाजूला ती घरोघरी डब्यात असते. तीळ लावलेली, पापडासारखी पातळ, ‘हलकी’ म्हणून संध्याकाळी चहाबरोबर दोन मोडल्या जातात आणि त्या कुणी मोजत नाही. ती हलकी असते ती पाणी उडून गेल्यामुळे. मऊ भाकरी ११० ग्रॅम भरली तर त्यात पीठ ७०-७५ ग्रॅम, बाकी पाणी. कडक भाकरी ४० ग्रॅम भरली तर त्यात जवळजवळ सगळं पीठच. विकतचं पुडकं असेल तर त्यावरचं वजन आतल्या भाकऱ्यांच्या संख्येनं भागा, एका भाकरीचं पीठ कळेल. ४० ग्रॅमची असेल तर तुमच्या एका जेवणाला दीड भाकरी. सौंदत्तीला जत्रेला जाताना डबा बांधाल तेव्हा दीडच बांधा, सोबत घट्ट दही, कांदा आणि शेंगाची चटणी. चहाबरोबरच्या दोन मात्र बंद करा. त्या बंद झाल्या तर बाकी काही न करताही रोजचं ८० ग्रॅम पीठ कमी होईल.